पोटॅशियम वाहिनीची गाळणी

पोटॅशियम वाहिनी म्हणजे पेशीच्या पटलातलं एक प्रथिन. त्यातली अरुंद गाळणी पोटॅशियमचे आयन जाऊ देते, सोडियमचे अडवते. यावर प्रश्न पडतो: "सोडियम तर पोटॅशियमपेक्षा लहान, मग तो आधी आत शिरायला हवा ना?"

पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. अरुंद गाळणीत शिरताना ते उतरवावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. पोटॅशियमची ही ऊर्जा भरून निघते, कारण भिंतीतले आठ ऑक्सिजन अणू त्याला जवळपास पाण्याइतकंच घट्ट धरतात. सोडियमचं कडं उतरवणं मुळातच महाग, आणि तो लहान असल्याने सगळे ऑक्सिजन त्याला एकाच वेळी तेवढे जवळ मिळत नाहीत. म्हणजे तोट्याचा सौदा.

१९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने जिवाणूतल्या केसीएसए या पोटॅशियम वाहिनीची रचना मांडली, तेव्हा हे ऑक्सिजन नेमके कुठे असतात ते दिसलं. अर्थात प्रथिन ताठ नसतं, सतत थरथरतं. त्यामुळे नुसत्या मापाचं स्पष्टीकरण अपुरं आहे असं म्हणणारेही आहेत, आणि मला त्यांचं पटतं.