वडिलांचं मोबाईल बिल मराठीत कसं आणावं

गेल्या रविवारी बाबांनी साताऱ्याहून एक फोटो पाठवला. मोबाईलच्या बिलाचा. खाली लिहिलं होतं, 'हे मराठीत सांग.' रक्कम होती ९,१११ रुपये ९६ पैसे. बाबांचा प्लॅन ४९९चा. आपल्यापैकी पुष्कळांवर असा रविवार येणार आहे, म्हणून अनुभवाचे चार शब्द.

सर्वप्रथम, फोटो पूर्ण मागू नका. बिल आठ पानांचं असतं आणि वडील पहिल्या पानाचा फोटो काढतात, तोही ट्यूबलाइटखाली, अंगठ्यासकट. पहिल्या पानावर फक्त एकूण रक्कम आणि हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र असतं. पैसे कुठे गेले ते सहाव्या पानावर. ते पान न पाहताच "बरोबर असेल बाबा, भरून टाका" असं सांगितलं की रविवार वाचतो.

शब्दशः भाषांतर करा. बाबांनी स्वतः सुरुवात केलीच होती. 'करंट चार्जेस' वाचून त्यांनी विचारलं, "मोबाईलच्या बिलात लाइटचे पैसे कशाला?" मग 'प्रीव्हियस बॅलन्स'. पंधरा वर्षं प्रीपेड वापरलेल्या माणसाला बॅलन्स म्हणजे आपली शिल्लक. पोस्टपेडमध्ये मात्र तीच आपली थकबाकी. एकच शब्द, पण खिसा बदलला. बाबा खूश होते, 'आपले अजून काही आहेत त्यांच्याकडे' म्हणून.

'अनलिमिटेड'चं भाषांतर 'अमर्याद' असंच करा. शेजारची चांदणी दाखवू नका. चांदणीचा माग काढत शेवटच्या पानावर गेलं की कळतं, ठरलेले जीबी संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे पावणेचार एमबीचा एक फोटो जायला आठ मिनिटं. मर्यादा नाहीच, फक्त आयुष्य पुरलं पाहिजे.

आता रोमिंग. इथे जरा बैठक मारा.

ताईच्या मुलीचं बारसं दुबईला होतं. बाबांसाठी दहा दिवसांचा रोमिंग पॅक घेतला, २,९९८ रुपयांचा. बाबा ३ तारखेला रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी तिथे उतरले आणि शहाण्या माणसासारखा फोन चालू करून 'पोचलो' असा मेसेज केला. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आणि या पॅकचा 'दिवस' चोवीस तासांचा नव्हता, भारतीय वेळेनुसार मध्यरात्र ते मध्यरात्र होता. भारतात तेव्हा ११:३५ झाले होते. म्हणजे पॅकचा पहिला दिवस अख्खा पंचवीस मिनिटांचा. बॅग पट्ट्यावर येईस्तोवर एक दिवस संपला! हा नियम पानाच्या तळाशी, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत छापलेला आहे. वाचायचा होता ना.

असे मोजून दहा दिवस झाले, की पॅक १२ तारखेला मध्यरात्री संपला. मध्यरात्र आपली. दुबईत तेव्हा रात्रीचे साडेदहा आणि बारशाची जेवणं नुकतीच आटोपलेली. परतीचं विमान १३ला दुपारी. पॅक संपल्याचा मेसेज आला होता हो, इंग्रजीत. त्याच्या वर एक कर्जाची ऑफर आणि खाली एक रमीची जाहिरात. बाबांनी तिन्ही एकदम पुसले.

मग बाबांनी झोपताना नेहमीप्रमाणे वायफाय बंद केलं. डोक्याला किरणं लागतात म्हणून. फोनने पाहिलं, वायफाय नाही, पण मोबाईल डेटा आहे. बारशाचे वीस फोटो तो गुपचूप वर चढवत बसला. ७४ एमबी. पॅकबाहेरचा दर ५० रुपये एमबी. झाले ३,७०० रुपये, म्हणजे फोटोला १८५. गावातल्या फोटोग्राफरने फ्रेमसकट दिला असता.

सहाव्या पानावर याचं नाव काय आहे? 'युसेज बियाँड प्लॅन बेनिफिट'. बेनिफिट! याचं मराठी मला अजून जमलेलं नाही.

काही विमानांत फोन फ्लाइट मोडवर नसेल तर आकाशातलं नेटवर्क पकडतो. साध्या पॅकमध्ये ते सहसा नसतं. छान अनुभव, जरूर घ्या.

'पल्स'चं भाषांतर 'नाडी' करा. परदेशात कॉलची नाडी मिनिटाची असते. सहा मिनिटं दहा सेकंद बोललं की सात मिनिटं. आणि येणाऱ्या कॉललाही पैसे, फोन दुसऱ्याने केला तरी. याच बिलात १३ तारखेला सकाळी असा एक कॉल होता. सात मिनिटं, ७५ रुपये दराने ५२५. बाबांना म्हटलं, "कोण एवढं बोलत बसलं होतं तुमच्याशी?" नंबर वाचला. माझाच होता. "निघालात का, पासपोर्ट हाताशी ठेवा, खजूर कुठला घेतला" हे मी पुण्यातून फुकटात विचारत होतो आणि मीटर बाबांच्या खिशात पळत होतं.

बेरीज करून पाहा: ४९९, २,९९८, ३,७००, ५२५. झाले ७,७२२. वर अठरा टक्के जीएसटी, १,३८९.९६. पैसा न पैसा जुळतो. हीच तर चीड आहे, की यात चूक कुठेच नाही!

ग्राहक सेवेला फोन केला. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, मराठीसाठी पाच. पाच दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, अटींमध्ये नमूद आहे." कुठल्या भाषेत नमूद आहे, ताई? सिम विकायला आलेला पोरगा बाबांशी अस्खलित सातारी बोलत होता. गणपतीच्या शुभेच्छा मराठीत येतात, बिल थकलं की धमकी मराठीत येते. मग 'दिवस म्हणजे भारतीय मध्यरात्रीपर्यंत' ही एक ओळ मराठीत छापायला शाई संपते का? पॅक संपला त्या मिनिटाला डेटा बंद करता येत नव्हता? प्रीपेडवाल्याचे पैसे संपले की अर्ध्या वाक्यात तोडता ना!

आणि आपणही काही कमी नाही. सत्तरीच्या माणसाच्या हातात फोन दिला, पॅक घेतला, पैसे भरले आणि मोकळे झालो. सेटिंगमध्ये जाऊन डेटा रोमिंग बंद करायला किती वेळ लागतो? फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवायला? पॅक मोजताना दुबईची नव्हे, आपली मध्यरात्र धरायची आणि एक दिवस जास्तीचा घ्यायचा, हे मला आधी बघता आलं असतं. नाही बघितलं. तिथे फोन लावण्याऐवजी त्यांच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल करायचा होता. मला सुचलं नाही आणि वर बाबांनाच विचारत होतो, कोण बोलत बसलं म्हणून.

तक्रार नोंदवली आहे, डॉकेट नंबर लिहून घेतला आहे. तिथे नाही म्हणाले तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत जाता येतं, तेही करणार. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिकडे पत्रं लिहीत बसू नका.

बाबांनी दरम्यान बिल भरून टाकलं. उशीर झाला तर दंड लागतो, एवढी ओळ त्यांना इंग्रजीतही वाचता आली.