परदेशातून : ६.७४ ला ६.७५ म्हणायचं का?

"मावशी, सात सेमचं माझं सीजीपीए ६.७० आहे. कंपनीला साठ टक्के लागतात, म्हणजे आमच्याकडे ६.७५. शेवटी ६.७४ आलं तर ६.७५ धरतात का गं? आणि नाही धरत, तर आठव्या सेमला किती आणू?" (सई, इंदूर)

हा निरोप सईने शनिवारी रात्री पाठवला. रविवारी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा रामबागेतल्या घरी सगळे पोहे खात बसले होते. पुढचा तासभर तिच्या प्रश्नावरच बोलणं झालं. मी चौदा वर्षं जर्मनीत शिकवते आणि आमच्या विभागाच्या परीक्षा समितीत बसते, त्यामुळे दशांशापुढचे आकडे हे माझं रोजचं काम आहे. तरी उत्तर देण्याआधी मी सईला सातही गुणपत्रिकांचे फोटो पाठवायला सांगितले. सरासरी कशी काढली हे कळल्याशिवाय तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नसतो.

माझा भाऊ बँकेतून निवृत्त झालाय. त्याने गुणपत्रिका न बघताच निकाल दिला. "पाचाच्या पुढचा आकडा असला की वर ढकलतात, शाळेपासून तसंच आहे. आणि आठव्याला ६.९ आणलं तरी पुरे." त्याने सातही सेमचे एसजीपीए बेरजेला घेऊन सातने भागले होते. ते आले ६.७३. त्यावरून त्याचं गणित चुकलेलं नाही, पण कॉलेज तसं काढत नाही. प्रत्येक विषयाचे पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. सईची दोन कच्ची सेमिस्टर नेमकी जास्त क्रेडिटची होती, म्हणून खरी सरासरी ६.७० झाली. दादाच्या भरवशावर ती ६.९ आणून थांबली असती तर थोडक्यात हुकली असती.

आता सईचाच हिशोब मांडते. सात सेम मिळून क्रेडिट १४० आणि क्रेडिट पॉइंटांची बेरीज ९३८. आठव्या सेमला २० क्रेडिट, म्हणजे पदवीला एकूण १६०. ६.७५ साठी १०८० पॉइंट हवेत. १०८० मधून ९३८ वजा केले की उरतात १४२, आणि ते २० ने भागले की ७.१०.

इथे थांबून राउंडिंगचा प्रश्न घ्यायचा. गुणपत्रिकेवर दोन दशांश छापतात, म्हणजे ६.७४५ आलं तर ६.७५ छापलं जाईल. त्यासाठी बेरीज १०७९.२ ते १०८० च्या मध्ये यायला हवी. पण पॉइंट पूर्णांकात आणि क्रेडिटही पूर्णांकात, त्यामुळे बेरीज कायम पूर्णांकच येते. १०७९ आले तर सरासरी ६.७४३, छापून ६.७४. १०८० आले तर ६.७५. मधे काही नाहीच. सईच्या १६० क्रेडिटच्या पदवीत दुसऱ्या दशांशाचं राउंडिंग तिला ६.७५ वर नेऊच शकत नाही. धरतात की नाही, हा वाद सुरू व्हायच्या आधीच संपतो. हे कागदावर लिहून मी कॅमेऱ्यासमोर धरलं तेव्हा सई काही बोलली नाही, फक्त तो कागद स्क्रीनवरून पुन्हा वाचत राहिली.

मग शेजारच्या काकू आल्या. त्यांना वाटलं आपण ग्रेसबद्दल बोलतोय. त्यांचा मुलगा गणितात तीन गुणांनी राहिला होता आणि ग्रेसवर पास झाला, तर सईलाही मिळतील, असं त्यांचं म्हणणं. ग्रेस ही वेगळी गोष्ट आहे. ती नापासाला पास करण्यासाठी असते, आणि काही विद्यापीठांच्या नियमांत श्रेणी एखाद्या गुणाने हुकत असेल तर तिथेही एक गुण देतात. पण ते नियमात लिहिलेलं असावं लागतं आणि ते गुणांत मिळतं, सरासरीत नाही. सईच्या विद्यापीठाचा अध्यादेश मी अजून वाचलेला नाही, म्हणून काकूंना मी ना हो म्हटलं ना नाही.

सईचे आजोबा एका कॉलेजच्या परीक्षा विभागात तीस वर्षं होते. ते शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "आकडा बनवणारं ऑफिस वेगळं आणि वाचणारं ऑफिस वेगळं. बनवणारा दयाळू असेल, वाचणारा नसतो." हे अगदी खरं आहे, आणि पुष्कळ मुलांना ते उशिरा कळतं. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं की टक्केवारीतला अपूर्णांक धरणार नाही, ५९.९९ म्हणजे साठापेक्षा कमी. यूजीसी-नेटच्या माहितीपत्रकात पदव्युत्तर पदवीच्या ५५ टक्क्यांपुढे 'राउंड न करता' असं येतं. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ सीजीपीएला ६० टक्के आहेत. सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं, तेच सूत्र सईच्या गुणपत्रिकेमागे छापलंय. म्हणजे तिचं ६.७४ म्हणजे ५९.९ टक्के, आणि वाचणारा त्याला ५९.९ च वाचणार.

घरी वाद तापला तो इथे. सईचे बाबा म्हणाले, "एका शतांशासाठी पोरीचं वर्ष खराब करायचं? तुमच्याकडे तरी माणुसकी असेल." माझ्याकडे काय आहे ते सांगते, कारण परदेशाबद्दल घरी नेहमी दोनच मतं असतात, एकतर तिथे सगळं कडक किंवा तिथे सगळं सुटं. जर्मनीत अंतिम श्रेणीला फक्त पहिला दशांश धरतात आणि पुढचे सगळे आकडे राउंड न करता खोडतात. आमच्याकडे आकडा जितका लहान तितका चांगला, १.० सर्वोत्तम आणि ४.० ला जेमतेम पास. त्यामुळे खोडण्याचा फायदा विद्यार्थ्यालाच होतो. २.५९ आलं तर प्रमाणपत्रावर २.५ छापतात, आणि २.५ पर्यंत 'चांगला' हा शेरा असतो. २.६० आलं की तो शेरा गेला.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा माझ्या खोलीत आला, हातात गुणांची छापील यादी. सरासरी २.६१३. तो म्हणाला, २.५ करा. मी म्हटलं, मला करता येत नाही, समितीलाही येत नाही. त्याचा प्रबंध १८० पैकी १२ क्रेडिटचा होता आणि अजून तपासायचा होता. प्रबंधाला २.३ धरून त्याने सरासरी काढली होती. २.० मिळाला तर फरक ०.३ गुणिले १२ भागिले १८०, म्हणजे ०.०२, आणि सरासरी २.५९३. त्याने पुढचे तीन आठवडे प्रबंधाचं मूल्यमापनाचं प्रकरण पुन्हा लिहिलं. त्याला २.० मिळाला. मिळाला नसता तरी २.६ छापताना मला काही वाटलं नसतं, कारण नियम त्याला पहिल्या सेमिस्टरपासून माहीत होता.

म्हणून माझं मत भाऊजींपेक्षा वेगळं आहे. रेष ५९.९ ला सरकवली की ५९.८ वाला दारात उभा राहतो, आणि त्याचंही घर तितकंच कळवळतं. माझी स्वतःची पदवी ५९.८ ला अडकली होती. कॉलेजातल्या खिडकीवरच्या माणसाने "हो जाएगा" म्हटलं, मी दोन महिने त्या शब्दावर बसले, आणि गुणपत्रिकेवर द्वितीय श्रेणी आली. मला त्या ०.२ चा राग नव्हता. राग होता तो त्या दोन महिन्यांचा, ज्यात मी उत्तरपत्रिकेच्या पुनर्तपासणीचा अर्ज केला असता. मुदत निघून गेली होती. मला कडक नियम चालतो, पण आधी सांगितलेला हवा.

आणि दयेला, म्हणजे शिक्षकाच्या निर्णयाला, जागा आहे, फक्त ती सरासरीत नाही. ती एकेका पेपरात आहे. सईच्या आठव्या सेमला आठ क्रेडिटचा प्रोजेक्ट आणि चार-चार क्रेडिटचे तीन पेपर. पॉइंटांची बेरीज १४२ हवी. प्रोजेक्टला ८ पॉइंट मिळाले तर ६४ होतात, उरले ७८, म्हणजे तीन पेपरांचे पॉइंट मिळून १९.५ हवेत. साडेएकोणीस मिळत नाहीत, म्हणून २०. सात, सात आणि सहा चालेल. सात, सहा आणि सहा आले तर बेरीज १०७८ आणि ६.७४. सगळा फरक एका पेपरातल्या सहा आणि सातमध्ये आहे. तिच्या कॉलेजात सात पॉइंट ६० गुणांपासून सुरू होतात, त्यामुळे ५९ आणि ६० च्या मधला तो एक गुण सरासरीत ०.०२५ हलवतो. दुसऱ्या दशांशाच्या राउंडिंगने जास्तीत जास्त ०.००५ हलते.

म्हणून मी तिला राउंडिंगबद्दल विचारायला सांगितलं, पण वेगळ्या ठिकाणी. तिच्या एका पेपरात अंतर्गत गुण ३० पैकी २१.५ आहेत. हे अर्धं विभाग २२ करून पाठवतो की २१, की तसंच ठेवून शेवटी एकूण बेरजेला राउंड करतो? हे अंतर्गत गुण वर पाठवायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. विचारताना "साठ टक्के हवेत" असं म्हणायचं नाही, फक्त पद्धत विचारायची आणि आपली चाचणी दाखवून बेरीज बरोबर आहे का ते पाहायचं. मी शिक्षिका आहे, मला माहीत आहे की पहिलं वाक्य ऐकलं की शिक्षक सावध होतो आणि दुसरं ऐकून कागद उघडतो.

आणि प्रोजेक्ट. त्याला ८ ऐवजी ९ मिळाले तर ७२ होतात, उरतात ७०, आणि तीन पेपरांना मिळून १८ पुरतात. सहा, सहा, सहा. उलट प्रोजेक्ट ७ वर घसरला तर पेपरांना २२ लागतील. प्रोजेक्टची एक पायरी पेपरांच्या दोन पायऱ्यांइतकी आहे, आणि सईने आजवर सगळं लक्ष पेपरांकडे ठेवलंय, प्रोजेक्टचा अहवाल मित्राकडे सोपवून. मी हे बोलले तेव्हा तिने वर पाहिलं नाही.

पुढे काय झालं ते अजून पूर्ण नाही. अंतर्गत गुणांबद्दल दोन सरांनी दोन उत्तरं दिली. एक म्हणाले, अर्धं वर जातं. दुसरे म्हणाले, सॉफ्टवेअर बेरजेनंतर करतं. आजोबा तिला सांगताहेत, विभागप्रमुखांना लेखी विचार. दादा अजूनही ६.९ वर ठाम आहे. कंपनी फॉर्ममध्ये सीजीपीए मागते की टक्के, हेही सईने अजून पाहिलेलं नाही. काल रात्री तिने मला प्रोजेक्ट अहवालाचं तिसरं प्रकरण पाठवलं, आकृत्यांना क्रमांक नव्हते, मी ते घालून परत पाठवलं.