कूलर आला, स्टँड वाटेत आहे

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने मार्चअखेरच्या सभेत वाचनकक्षासाठी कूलर घेण्याचा ठराव एकमताने संमत केला. यात विशेष काही नाही. भुसावळच्या उन्हात मतभेद टिकत नाहीत. विशेष हे, की बाजारात न जाता तो ऑनलाइन मागवावा असे मी सुचवले आणि चिटणीस म्हणून ते काम माझ्याच गळ्यात पडले.

कूलर 9,000, चाकांचा स्टँड 2,000 आणि आच्छादन 1,000, असे एकूण 12,000 रुपये झाले. 1,200 रुपयांचे कूपन वापरून मी 27 मार्चला वाचनालयाच्या खात्यातून 10,800 रुपये भरले आणि सूट मिळवल्याबद्दल अध्यक्षांकडून कौतुकही करून घेतले.

30 मार्चला कूलर एकटाच आला. सोबतचे बिल 8,100 रुपयांचे होते. स्टँड दुसऱ्या गोदामातून निघायचा होता, आणि आच्छादन शिल्लक नसल्यामुळे रद्द केल्याचा संदेश त्याच संध्याकाळी आला. त्यात 900 रुपये परत मिळतील असे लिहिले होते. तोपर्यंत कूलर दिवाळी अंकांच्या जुन्या गठ्ठ्यांवर विराजमान झाला. आमच्या वाचनालयात दिवाळी अंकांचा इतका नियमित उपयोग प्रथमच होत होता.

आमचे खजिनदार अप्पा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "भाऊ, पैसे 10,800 गेले, बिल 8,100 चे आले. आणि हजाराच्या आच्छादनाचे 900 च कसे? शंभर रुपये कोणी खाल्ले?" हा प्रश्न विचारताना ते माझ्याकडेच पाहत होते.

मी जळगावला लेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम करणाऱ्या भाचीला फोन लावला. "मामा, कोणी काही खाल्लेले नाही," ती म्हणाली. "कूपन पूर्ण ऑर्डरवर होते, म्हणून ते किमतीच्या प्रमाणात प्रत्येक वस्तूवर वाटले गेले. दहा टक्के सूट, म्हणून कूलर 8,100, स्टँड 1,800, आच्छादन 900. बेरीज करून बघ. आणि जीएसटीत बिल माल निघताना करतात, ऑर्डर देताना नाही. दोन खेपा, दोन बिले."

अप्पांना मात्र हे एका क्षणात पटले, कारण त्यांना ते रुळांवर दिसले. पूर्वी एकाच गाडीचे डबे जंक्शनवर सोडवून इटारसीकडे आणि नागपूरकडे वेगवेगळ्या गाड्यांना जोडत, तसेच हे, असे ते म्हणाले. फक्त आमचा एक डबा यार्डातच रद्द झाला होता.

स्टँड 31 मार्चला गोदामातून निघाला आणि 2 एप्रिलला पोहोचला. मध्ये आर्थिक वर्ष संपले. त्याचे 1,800 रुपयांचे बिल मार्चचे आणि वस्तू एप्रिलची! भाचीच्या म्हणण्याप्रमाणे विक्रेत्याला त्याचा कर मार्चच्या विवरणात दाखवावा लागतो, कारण कर बिलाच्या तारखेवर चालतो. पण माल आमच्या हाती पडल्यावरच ताबा बदलतो अशी विक्रीची अट असेल, तर त्याच्या पुस्तकात ते उत्पन्न एप्रिलचे धरले जाते. थोडक्यात, 31 मार्चच्या रात्री आमचे 1,800 रुपये विक्रेत्याच्या बँकेत होते, पण कमाई नव्हते, देणे होते. आमच्या बाजूनेही तेच, फक्त आरशात पाहिल्यासारखे: कूलर 8,100, स्टँडसाठी दिलेली आगाऊ रक्कम 1,800 आणि आच्छादनाचे येणे 900. अप्पांनी तिन्ही आकडे तीन खात्यांवर टाकले, 10,800 ची बेरीज जुळली आणि मला त्या वर्षीचा पहिला चहा मिळाला.

तो संपण्याआधीच स्टँडचे एक चाक निखळलेले आढळले. आम्ही तो परत पाठवला. पुन्हा 1,800 परत येणार, तर आच्छादनाच्या 900 सारखीच नोंद करावी असे मला वाटले, आणि तिथेच मी चुकलो. आच्छादन कधी निघालेच नव्हते, त्यामुळे त्याचे बिलही नव्हते. तिथे नुसता परतावा पुरेसा होता. स्टँडचे बिल मात्र झालेले होते, आणि झालेले बिल खोडता येत नाही. त्यासाठी विक्रेत्याने मूळ बिलाचा क्रमांक लिहून क्रेडिट नोट द्यायची असते, आणि तिचा कर तो एप्रिलच्या विवरणात कमी करतो. मार्चचे विवरण तसेच राहते. अप्पांनी क्रेडिट नोट हाती आल्याशिवाय व्हाउचरवर सही करण्यास नकार दिला. बँकेत पैसे आठ दिवस आधीच आले होते, तरी ते 'अनिश्चित जमा' या सदराखाली ताटकळत राहिले.

अखेर कार्यकारिणीने ठरवले, की स्टँड गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा. एक माणूस, एक वस्तू, एक बिल. मी आणि अप्पा मुद्दाम जोडीने गेलो. त्याने माप घेतले, पैसे घेतले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "अप्पा, सांगाडा आजच घेऊन जा, चाकं सोमवारी देतो."

अप्पांनी खिशातून वही काढली.