सूर्याचा ॐ, नासा आणि ते 42,000 पट

"नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो स्पष्ट ॐ असा ऐकू येतो. पण सूर्याच्या आत काय चाललंय हे मात्र विज्ञानाला आजपर्यंत सांगता आलेलं नाही."

हा मेसेज परत फिरतोय, म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी रेकॉर्डिंगचं बघू. सूर्य आणि आपल्यामध्ये हवाच नाही, त्यामुळे तिथला आवाज इथे पोचूच शकत नाही, माईक लावून काहीही मिळणार नाही. जे मोजलं जातं तो प्रकाश असतो. सूर्याचा पृष्ठभाग सतत वर-खाली होतोय, आपल्याकडे येणाऱ्या भागाचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्याचा लालकडे, आणि त्यावरून वेग काढतात. साधारण 5 मिनिटांचा हा हेलकावा 1960 च्या सुमारास रॉबर्ट लेटन यांना माउंट विल्सनच्या दुर्बिणीतून सापडला. पुढे 1970-71 मध्ये कारण लक्षात आलं, की सूर्याच्या आत ध्वनिलहरी कोंडलेल्या आहेत आणि आपल्याला दिसतं ते त्यांचं पृष्ठभागावरचं हलणं.

आता ॐ. 5 मिनिटांत एक कंपन म्हणजे सेकंदाला 0.003 च्या आसपास, आणि आपल्या कानाला निदान 20 लागतात. मग ती फाइल कुठून आली? स्टॅनफर्डच्या अलेक्झांडर कोसोविचेव यांनी सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानावरच्या एमडीआय या उपकरणाचा 40 दिवसांचा डेटा घेतला, अख्ख्या बिंबाची सरासरी काढली, 3 मिलिहर्ट्झजवळचा, म्हणजे त्याच 0.003 च्या आसपासचा पट्टा तेवढा ठेवून बाकी गाळून टाकलं आणि ते 42,000 पट फास्ट केलं. गणित तुम्हीही करून बघा: 40 दिवसांचे 34,56,000 सेकंद, भागिले 42,000, म्हणजे 82 सेकंदांची क्लिप, आणि 0.003 गुणिले 42,000 म्हणजे 126 हर्ट्झ, पुरुषाच्या बोलण्यातला साधा खालचा सूर. पट 42,000 ऐवजी 84,000 धरले असते तर तोच सूर्य एक सप्तक वर गायला असता. आणि ओ चा म होताना तोंडातून निघणाऱ्या वेगवेगळ्या पट्ट्यांचा जोर बदलतो, इथे तर एकच अरुंद पट्टा शिल्लक ठेवलाय, मग गुणगुण ऐकू येणारच. त्यात ॐ ऐकू येणं ही ऐकणाऱ्याच्या मनातली गोष्ट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ते सूर्याने म्हटलं असं सांगणं चूक आहे.

मला जास्त खटकतं ते दुसरं वाक्य, कारण या लहरींचा उपयोगच आत बघायला होतो. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून वाजवून बघतो ना, तडा डोळ्यांना दिसत नाही पण आवाजात कळतो, तसंच हे. सूर्यात खाली जावं तसं तापमान वाढतं, तापमानाबरोबर आवाजाचा वेग वाढतो, त्यामुळे खाली निघालेली लहर वळत वळत परत वर येते आणि पृष्ठभागाशी घनता एकदम कमी होते म्हणून तिथून परत आत फिरते. आखूड लहरी उथळ भागातूनच वळतात, लांब लहरी खोल जाऊन येतात. दोघींचे सूर ताडून बघितले की कांद्यासारखा एकेक थर वेगळा कळतो.

सूर्य आतून कसा फिरतो हे असंच काढलंय. फिरण्याच्या दिशेने जाणारी लहर आपल्याला थोडी चढ्या सुरात दिसते, उलट जाणारी थोडी उतरत्या, आणि त्या फरकात फिरण्याचा वेग असतो. फरक मात्र इतका बारीक की आठवडे, महिने सलग मोजावं लागतं आणि रोज रात्र आडवी आली की डेटात खऱ्या सुराच्या दोन्ही बाजूंना, दिवसाला एक कंपन एवढ्या अंतरावर, खोटे सूर उगवतात. म्हणून 1995 पासून गॉंग नावाच्या जाळ्यात जगभर 6 ठिकाणी सारख्याच दुर्बिणी ठेवल्यात, त्यातली एक आपल्या उदयपूरला. एकीकडे मावळला की दुसरीकडे उगवलेलाच असतो.

निघालं काय, तर पृष्ठभागावर विषुववृत्त सुमारे 25 दिवसांत फिरतं आणि ध्रुवाकडचा भाग 35 च्या आसपास, आणि हा फरक जवळजवळ 2 लाख किलोमीटर आतपर्यंत तसाच राहतो. तिथे सूर्याचा बाहेरचा, उकळत्या पाण्यासारखा ढवळत राहणारा थर संपतो आणि त्याखालचा भाग एखाद्या घट्ट गोळ्यासारखा एकाच वेगाने फिरतो. ती सीमा केंद्रापासून त्रिज्येच्या 0.713 पटीवर आहे, हा आकडा सरबानी बसू आणि मुंबईच्या टीआयएफआरमधले एच. एम. अंतिया यांनी 1997 मध्ये याच लहरींवरून पक्का केला, त्यात चूक फार तर हजारात एकाची.

सगळंच कळलंय असं मीही म्हणणार नाही. अगदी केंद्राजवळ आवाजाचा वेग सगळ्यात जास्त, त्यामुळे लहर तिथून झटकन निघून जाते आणि तिथली माहिती फार थोडी घेऊन येते. म्हणून गाभा नेमका किती वेगाने फिरतो याचा आकडा अजून डळमळीत आहे. त्यासाठी वेगळ्या, उत्प्लावनाच्या जोरावर हेलकावणाऱ्या लहरी लागतील, त्या गाभ्यात जोरदार असतात पण वर येईपर्यंत इतक्या क्षीण होतात की त्या सापडल्याचे दावे झालेत, पण सगळ्यांना पटेल असा एकही नाही.