मावशीची गोळी, गूळ आणि संध्याकाळची ओढ

“संध्याकाळी गोड खावेसे वाटते म्हणजे शरीरातली साखर कमी झाली आहे. तेव्हा साखर नको, गूळ खा. गुळाने मधुमेह वाढत नाही. ओढ कायमची मारायची असेल तर सात दिवस रात्रीचे जेवण सोडा आणि दिवसा प्रथिने वाढवा.”

हा मजकूर खानापूरच्या माझ्या मावशीला भजनी मंडळाच्या गटातून मिळाला आणि तिने दुसऱ्याच दिवशी रात्रीचे जेवण सोडले, म्हणून हे लिहिणे भाग आहे. मावशी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो, आणि सकाळी घेतलेल्या गोळीचा अंमल रात्रीपर्यंत टिकतो. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, छातीत धडधडू लागले, आणि ती म्हणत होती, “ओढ निघून चालली आहे, थोडा त्रास व्हायचाच.” बोटातून रक्त काढून तपासले तेव्हा साखर ६१ होती. सत्तरच्या खाली गेलेली साखर हा औषधाखालच्या रुग्णासाठी धोक्याचा आकडा असतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिला दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ८४ आली, आणि मग तिला दूधभात खायला घातला. अशा वेळी घरातला कुंदा पुढे करण्याचा मोह होतो, पण त्यातल्या खव्याच्या स्निग्धपणामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते; तेथे साखरेचे पाणीच हवे. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

साखर खरोखर उतरली की घाम, कंप आणि गोंधळ येतो आणि समोर येईल ते खावेसे वाटते. संध्याकाळची ओढ निराळी असते: ती जेवण झाल्यावरही येते, ठरलेल्या वेळी येते, आणि भाकरी पुढे ठेवली तर नको म्हणते. शंका असेल तर ग्लुकोमीटर लावावा. इन्सुलिन किंवा मावशीसारखी गोळी घेणाऱ्याने जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

मग ही ओढ संध्याकाळीच का येते? फ्रँक शीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ माणसांना मंद प्रकाशात ठेवून त्यांच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा रोजच्या घड्याळापासून तोडून टाकल्या होत्या. तरीही शरीराच्या आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली, आणि गोडाची इच्छाही त्याच लयीने वरखाली झाली. माणसे मोजकीच होती, हे खरे. पण रात्री आठला जीव गोडाकडे धावतो तो शरीराच्या ठरलेल्या चालीने धावतो, एवढे यातून नीट कळते.

गुळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जो गूळ रक्तातली साखर वाढवतच नाही, तो कमी झालेली साखर भरून कसा काढतो, हे लिहिणाऱ्याने स्वतःलाच विचारायला हवे होते. आपल्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळावरच्या गुळाचे कौतुक असणारच, पण त्यात बहुतांश साखरच असते आणि तो मधुमेहात साखरेइतकाच मोजावा लागतो.

प्रथिनांचे वाक्य मात्र अर्धे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. मावशीचे वजन ६० किलो. तिला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने हवीत. तिच्या ताटात सकाळी पोहे, दुपारी भात आणि पातळ आमटी, चार वाजता चहा-बिस्किटे होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याचा निम्मा भागही होत नव्हता. आता दुपारी घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ आणि दही असते, पाचच्या सुमारास बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे आणि ताक, आणि आठला पोटभर जेवण. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने परस्पर वाढवू नयेत.

झोपेचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. मालिका बघत बारापर्यंत जागणारी आणि साडेपाचला उठणारी मावशी रात्री डब्याकडे वळत होती, यात नवल नाही. झोप तुटली की भूक वाढवणारे संप्रेरक चढते. आता ती साडेदहाला झोपते. बेळगावहून आणलेला कुंदा पूर्वी दूरदर्शन संचाशेजारच्या कपाटात असे आणि मालिकेचे शीर्षकगीत लागले की हात तिकडे जाई, म्हणून तो डबा आता शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये असतो. चौथ्या आठवड्यात ओढ रोजची राहिली नाही, आठवड्यातून दोनदा येते. त्या दोन्ही दिवशी, तिच्याच सांगण्यानुसार, आदल्या रात्री जागरण झालेले असते.