वहीचा फोटो, मथळे आणि मानशीचं दार

"अंध विद्यार्थ्याला नोट्स द्यायच्या तर वहीच्या पानांचे फोटो काढा, पीडीएफ करा, पाठवून द्या. हल्ली मोबाईल सगळं वाचून दाखवतो. टाइप करणारच असाल तर मथळ्यांच्या सजावटीत वेळ घालवू नका. आणि आकृत्या सरळ गाळा, त्यांना त्या दिसत नाहीतच."

हा सल्ला मी नेहमी ऐकते, आणि तो मला पटत नाही. मी गोव्यात फोंड्याला राहते. शेजारची मुलगी मराठी घेऊन बी.ए. करते. तिला जन्मापासून दिसत नाही. तिची मैत्रीण वर्गात नोट्स उतरवते आणि गेली दोन वर्षं मी त्या टाइप करून देते. सध्या लोकसंस्कृतीच्या पेपरातला खाजन शेतीचा, म्हणजे नदीकाठी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचा, धडा चालू आहे, म्हणून त्याच वहीतलं एक पान धरून बोलते.

आधी फोटोचं बघू. फोटोत आपल्याला अक्षरं दिसतात, पण फाईलमध्ये अक्षरं नसतात, नुसते रंगाचे ठिपके असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, ठिपके वाचत नाही. अशी पीडीएफ उघडली की तिच्या लॅपटॉपवर फाईलचं नाव ऐकू येतं आणि पुढे काहीच नाही. कोणालाही घरी तपासता येईल: पीडीएफमध्ये `Ctrl+A` करा, `Ctrl+C` करा आणि नोटपॅडमध्ये `Ctrl+V` करा. नोटपॅड कोरं राहिलं तर तिच्यासाठी ती फाईल कोरी आहे.

फोटोतली अक्षरं ओळखणारी सोय आहे हे खरं. छापील पानावर ती बऱ्यापैकी चालते. हाताने लिहिलेल्या मराठीवर, त्यातही तास संपत आला म्हणून घाईने लिहिलेल्या पानावर, ती घसरते. मी करून पाहिलं. मानस म्हणजे बांधातली, दार असलेली पाण्याची वाट; 'मानस उघडते' या शब्दांचं 'माणसे उघडते' झालं. समासात उभं लिहिलेलं 'परीक्षेला येतं' हे शब्द बांधाच्या व्याख्येच्या मधोमध घुसले. आपण पान बघून चूक लगेच ओळखतो. तिला मात्र चुकीचं वाक्यही त्याच ठाम आवाजात ऐकू येतं आणि पडताळायला मूळ पान हाताशी नसतं. म्हणून यंत्राने ओळखलेला मजकूर वापरायचा असेल तर शब्दन् शब्द वहीशी ताडून बघावा लागतो, आणि तेवढ्या वेळात माझं पान टाइप होऊन जातं.

टाइप केलं म्हणजे काम झालं असंही नाही. गेल्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांनी मोठ्या मायेने एक अख्खी वही टाइप करून दिली होती, पण छापखान्यात चालणाऱ्या जुन्या फाँटमध्ये. कृतीदेवसारख्या फाँटमध्ये पडद्यावर 'खाजन' दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. नोटपॅडमध्ये चिकटवलं की खरं रूप समोर येतं:

```
[kktu
```

स्क्रीन रीडर हेच वाचतो. चाळीस पानं परत करावी लागली. तेव्हा युनिकोड हवंच, म्हणजे पडद्यावर दिसतं तेच देवनागरी अक्षर आतही असतं. इनस्क्रिप्ट वापरा, फोनवरचा मराठी कीबोर्ड वापरा किंवा बोलून टाइप करा, सगळं चालतं. आणखी एक गोष्ट पटकन सांगते. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून `Review` मधल्या `Language` मध्ये मराठी भाषा लावा. फाईलवर इंग्रजी भाषा लागलेली राहिली, तर कधी कधी इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि शब्दच्या शब्द गाळतो.

आता मथळे. सगळ्यात जास्त राग मला 'सजावट' या शब्दाचा येतो. आपण वही चाळतो तेव्हा लाल शाईची दुहेरी रेघ दिसली की थांबतो. डोळ्याने एका सेकंदात पान पार होतं. ऐकणाऱ्याला पान असं पार करता येत नाही. मथळे नसतील तर 'मानस' हा मुद्दा शोधायला बावीस पानं पहिल्या ओळीपासून ऐकत यावं लागतं. मथळे नीट लावलेले असतील तर ती `H` दाबते आणि पुढच्या मथळ्यावर उडी मारते. `2` दाबलं की थेट पुढच्या दुसऱ्या पातळीच्या मथळ्यावर जाते. ती एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते. तो विंडोजवर फुकट मिळतो आणि त्यात `NVDA+F7` दाबून `Headings` निवडलं की सगळ्या मथळ्यांची यादी समोर येते. ही यादी म्हणजे तिची अनुक्रमणिका.

पण अक्षर ठळक करून आकार वाढवला की मथळा होतो, ही समजूत सोडा. तसं केलेलं तिच्यासाठी साधंच वाक्य राहतं. वर्डची `Heading 1`, `Heading 2` ही शैलीच लावावी लागते. `Ctrl+Alt+1` आणि `Ctrl+Alt+2` ने ती लागते. खाजनाच्या धड्यात मी धड्याचं नाव पहिल्या पातळीवर ठेवलं. 'जमीन कुठे असते', 'बांध', 'मानस', 'पोय', 'पीक आणि मासळी' हे दुसऱ्या पातळीवर. आकृतीला 'मानस' खाली तिसऱ्या पातळीचा स्वतःचा मथळा दिला, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री ती थेट तिथे जाऊ शकेल. प्रत्येक पान जिथे सुरू होतं तिथे 'वही पान १४' अशी साधी ओळ घालते. मैत्रीण फोनवर "चौदाव्या पानावर बघ" म्हणाली तर दोघी एकाच जागी येतात.

वहीतल्या खुणांचंही शब्दांत रूपांतर करावं लागतं. बाण कोणत्या सेटिंगमध्ये वाचला जाईल आणि कोणत्यात गाळला जाईल याचा भरवसा नाही. म्हणून 'भरती → दार बंद' असं न ठेवता 'भरती आली की दार बंद होतं' असं लिहिते. लाल अधोरेखित वाक्याआधी 'महत्त्वाचं' हा शब्द घालते. खालच्या ओळीत 'वरीलप्रमाणे' म्हणून काढलेल्या दोन टिंबांच्या जागी पूर्ण शब्द परत लिहिते.

आणि आकृत्या. पान चौदावर बॉलपेनने काढलेला खाजनाचा छेद आहे. धड्याचा अर्धा अर्थ त्यात आहे, कारण पाणी कोणत्या पातळीवर असताना दार काय करतं हे मजकुरात एकाच ओळीत उरकलंय. ती आकृती गाळली तर दिसणाऱ्या मुलांना जे कळलं ते हिला कळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी लिहिलेलं वर्णन असं आहे:

"खाजनाचा आडवा छेद. नदीपासून शेतापर्यंत, डावीकडून उजवीकडे. सर्वात डावीकडे नदी. नदीला लागून खारफुटी. मग बांध, भरतीच्या पाण्यापेक्षा उंच. बांधाच्या खालच्या भागात मानस, तिला लाकडी दार. बांधाच्या आत पोय, म्हणजे पाणी साठायची खोलगट जागा. सर्वात उजवीकडे भातशेत; त्याची पातळी भरतीच्या पाण्याच्या रेषेखाली आहे. पहिली स्थिती, भरती: नदीचं पाणी पोयीतल्या पाण्यापेक्षा वर. नदीचं पाणी दार दाबून धरतं, दार बंद. दुसरी स्थिती, ओहोटी: नदीचं पाणी खाली. पोयीतलं पाणी दार नदीच्या बाजूला ढकलतं, दार उघडं, पाणी बाहेर."

आधी आकृती कशाची आहे ते, मग एकच दिशा धरून सगळे भाग, मग बदलणाऱ्या गोष्टी स्थितीनुसार. पाण्याला निळ्या रेघा मारल्यात, खारफुटीची पानं सुंदर काढलीत, हे मी लिहिलं नाही, कारण त्यावर काहीच अवलंबून नाही. पातळी मात्र एकही सोडली नाही. हे वर्णन चित्राच्या `Alt Text` मध्ये कोंबायचं नाही. तिथलं सगळं एका दमात ऐकावं लागतं, वाक्यावाक्याने मागेपुढे जाता येत नाही. तिथे 'खाजनाचा छेद, वर्णन खाली आहे' एवढंच लिहा आणि पूर्ण वर्णन साध्या मजकुरात द्या. चित्राची मांडणी `In Line with Text` ठेवा. तरंगतं चित्र वाचनाच्या ओघातून निसटतं.

वर्णन लिहिताना एक चूकही सापडली. मैत्रिणीने दार शेताच्या बाजूला उघडलेलं काढलं होतं. तसं असतं तर भरतीच्या पाण्याने दार ढकललं असतं आणि खारं पाणी भातात शिरलं असतं. अशा वेळी गुपचूप दुरुस्त करू नये. मी तिला फोन केला. तिने वही काढून पाहिली आणि म्हणाली, "काकी, फळ्यावर बाहेरच्या बाजूलाच होतं, मी उलटं काढलं." मग मी योग्य दिशा लिहिली आणि खाली चौकटी कंसात 'टाइप करणाऱ्याची नोंद: वहीत दार आत उघडलेलं काढलं आहे' असं ठेवलं. वहीत काय आहे आणि मी काय घातलं, हे तिला वेगवेगळं कळायलाच हवं.

शब्दांनी सगळं भागतं असं मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या पानावर मांडवी आणि झुआरीच्या काठच्या खाजनांचा नकाशा होता. नदीची वळणं वाक्यात सांगायला गेले तर ती कंटाळली, आणि तिचं बरोबर होतं. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नद्या केल्या, जाड पुठ्ठ्याचे तुकडे लावून खाजनं केली. बोट फिरवून तिला दोन मिनिटांत कळलं. छेदाला शब्द पुरतात, कारण तिथे क्रम आणि पातळी महत्त्वाची असते. नकाशाला स्पर्श लागतो.

फाईल देण्याआधी मी स्वतः एनव्हीडीए चालू करते, पडदा बंद करते, वर्डमध्ये `NVDA+Space` दाबून ब्राउझ मोडमध्ये जाते, जिथे `H` टाइप न होता उडी मारायला चालतं, आणि फक्त `H` दाबत शेवटपर्यंत जाते. नुसते मथळे ऐकून धडा कशाचा आहे हे कळलं नाही तर मथळे चुकलेत. मग आकृतीचं वर्णन ऐकत कागदावर ती काढून बघते. माझं चित्र वहीतल्या चित्राशी जुळलं नाही तर वर्णन पुन्हा लिहिते.

पान चौदा ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "काकी, भरती उतरायला लागली आणि दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की दार कसं असतं?" वहीत ते नव्हतं, फळ्यावरही नव्हतं. मी बोरीच्या एका शेतकऱ्याला विचारलं. ते म्हणाले, तेव्हा दार सैल लोंबतं, कुठल्याच बाजूला दाब नसतो. वर्णनात तिसरी स्थिती वाढवली, चौकटी कंसात, आणि फाईल तिच्या मैत्रिणीलाही पाठवली.