नववीतली मुलगी रात्री साडेदहाला सरांना मेसेज करते तेव्हा

दिवाळीच्या सुमारास बीड, धारूर, केजकडची कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. पोरं आजीजवळ राहतात आणि वर्गाच्या ग्रुपवर पालक म्हणून जोडलेला नंबर उसाच्या फडात असतो. मग शिक्षक अभ्यासासाठी मुलीलाच तिच्या चुलत्याच्या फोनवर वैयक्तिक मेसेज करू लागतात. हेतू चांगलाच असतो, पण मर्यादा इथंच सैल होते.

ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं केलं, तरी सभासदांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मुलीचा नंबर असा साठ घरांत जातो. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतल्या घोषणा ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून वर्गासाठी तोच वापरावा. ॲडमिन दोन असावेत, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक. गुण, फी, गैरहजेरी यांतलं काहीही नावासकट तिथं टाकू नये. आजीकडे साधा फोन असेल तर सरळ कॉल करावा.

आता अवघड प्रसंग. नववीतल्या मुलीचा रात्री साडेदहाला मेसेज येतो, "सर, मला इथं राहायचं नाही. कुणाला सांगू नका." काही शिक्षक घाबरून ब्लॉक करतात, काही मध्यरात्रीपर्यंत चॅट करत समजूत घालतात. माझ्या मते दोन्ही चूक. ब्लॉक केलं तर तिचा आधार तुटतो. आणि गुपचूप चाललेलं चॅट उद्या कुणी पाहिलं, तर त्यात मदत कुठली आणि सलगी कुठली हे ओळखता येत नाही.

तिला थोडक्यात लिहावं: "तू सांगितलंस ते बरं केलंस. हे मी गुपित ठेवू शकत नाही, मुख्याध्यापकांना सांगणार आहे. आत्ता तू सुरक्षित आहेस का?" ती नाही म्हणाली किंवा उत्तरच आलं नाही, तर सकाळची वाट बघू नये. 112 किंवा चाइल्डलाइन 1098 ला फोन करावा आणि त्याच वेळी मुख्याध्यापकांना कळवावं. सुरक्षित आहे म्हणाली तरी मुख्याध्यापकांना त्याच रात्री सांगावं आणि सकाळी शाळेत एखाद्या मॅडमसमोर तिच्याशी बोलावं. चुलत्याला लगेच फोन लावू नये. त्रास त्याच घरातून होत असेल तर तो वाढेल. फोन त्याचाच असल्यामुळे तिला खोदून प्रश्नही विचारू नयेत, उत्तरं तोच वाचायचा.

बोलण्यात लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून दाबून ठेवणं हा कलम 21 खाली गुन्हा ठरतो. घडलं का नाही याची चौकशी शिक्षकानं करायची नसते, संशय पुरेसा आहे.

मेसेज डिलीट करू नयेत. आपोआप पुसले जाण्याची सोय त्या चॅटला लावलेली असेल तर ती बंद केली तरी आधी आलेले मेसेज पुसले जातातच, म्हणून लगेच स्क्रीनशॉट घ्यावा, नाहीतर चोवीस तासांतही पुरावा जातो. स्क्रीनशॉट फक्त मुख्याध्यापकांना दाखवावा, स्टाफच्या ग्रुपवर टाकू नये. मेसेज किती वाजता आला, काय उत्तर दिलं आणि कुणाला कधी कळवलं, हे तारखेसह लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यावी.